अस्पर्श सूरयंत्र

अस्पर्श सूरयंत्र : संवेदकापासून हाताचे अंतर मोजून त्या अंतराला नेमून दिलेला स्वर वाजवणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य. श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक (बहुधा एचसी-एसआर०४), आर्डुइनोसारखा सूक्ष्मनियंत्रक आणि लहान स्पीकर एवढ्यावर ते उभे राहते.

याला सर्रास ‘थेरेमिन’ म्हटले जाते. लेव्ह तेर्मेन या रशियन संशोधकाने मूळ थेरेमिन १९२० च्या सुमारास (काहींच्या मते १९१९ मध्येच) तयार केले. त्याचे अमेरिकी पेटंट १९२८ चे आहे. वादनाची ढब सारखी असल्यामुळे काही लेखक अस्पर्श सूरयंत्राला थेरेमिनचा वंशज मानतात. पण थेरेमिनमध्ये वादकाचा हात विद्युत्‌धारिता बदलतो, म्हणजे तो मंडलाचाच एक भाग असतो, आणि स्वर सलग सरकतो. इथे हात हा केवळ प्रतिध्वनी परतवणारा पृष्ठभाग असतो आणि स्वर पायऱ्यांनी बदलतो. त्यामुळे नाते मिंडेच्या वाद्यांपेक्षा पेटीशी जवळचे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्वरमांडणी : भूप रागासाठी सहा पट्ट्या पुरतात. संवेदकापासून १० ते १५ सेंमी. सा, तिथून दर ५ सेंमी.ला रे, ग, प, ध, आणि ३५ ते ४० सेंमी. तार सा. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर पुढचे स्वर २७०, ३००, ३६०, ४०० आणि ४८० असे पूर्णांकांत येतात. स्वर वाजवणाऱ्या `tone()` आज्ञेला पूर्णांकच लागतो, म्हणून ही निवड सोयीची आहे. दोन पट्ट्यांच्या सीमेवर हात थरथरला की दोन्ही स्वर आलटून पालटून फडफडतात. त्यावर उपाय म्हणजे सीमा अर्धा सेंमी. ओलांडल्याशिवाय स्वर न बदलणे. स्पीकरऐवजी बझर लावला तर तो ‘पॅसिव्ह’ हवा. ‘अ‍ॅक्टिव्ह’ बझरमध्ये स्वतःचा आंदोलक असतो, म्हणून तो हात कुठेही नेला तरी एकाच सुरात ओरडतो.

उष्णतेचा परिणाम : संवेदक अंतर थेट मोजत नाही. ४० किलोहर्ट्झचा ध्वनी जाऊन परत यायला लागलेला वेळ तो सांगतो. त्या वेळेचे सेंटिमीटर करताना ध्वनीचा वेग लागतो आणि तयार प्रोग्रॅममध्ये तो सुमारे २०° से. तापमानाचा, म्हणजे सेकंदाला ३४३ मी. इतका, गृहीत धरलेला असतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५° च्या घरात जातो तेव्हा प्रत्यक्ष वेग सुमारे ३५८.६ मी. असतो. प्रतिध्वनी लवकर परततो आणि यंत्राला हात जवळ भासतो.

समजा, हात ३१ सेंमी.वर, म्हणजे धैवताच्या पट्टीत आहे. ध्वनीला जायला-यायला १,७२९ मायक्रोसेकंद लागतात. जुन्या वेगाने हिशेब केला की अंतर २९.७ सेंमी. निघते आणि धैवताऐवजी पंचम वाजतो. हात १२ सेंमी.वर असेल तर वाचन ११.५ येते, षड्ज जागेवरच राहतो. चूक अंतराच्या प्रमाणात वाढत असल्याने आधी वरचे स्वर बिघडतात, आणि हीच या दोषाची खूण. हिवाळ्यातल्या १०° च्या पहाटे उलटे घडते : ३४.६ सेंमी.वरचा हात ३५.२ वर दिसतो आणि धैवताच्या जागी तार षड्ज लागतो. सीमेवरचा अर्धा सेंमी. इथे खरा उपाय ठरत नाही, कारण ही थरथर नसून सगळी मोजपट्टीच आखडलेली किंवा ताणलेली असते.

वाद्य बेसूर मात्र होत नाही. स्वराची कंप्रता नियंत्रकाच्या घड्याळातून येते, हवेतून नव्हे. बासरी किंवा पश्चिम खानदेशातली पावरी यांत नळीतली हवाच गाते, म्हणून उन्हाने त्यांचा सूर चढतो. इथे सूर तोच राहतो, त्याची जागा सरकते.

दुरुस्ती तीन ओळींची आहे (`T` म्हणजे हवेचे तापमान, `v` सेंमी. प्रति मायक्रोसेकंद) :

```
float v = 0.03313 + 0.0000606 * T;
unsigned long t = pulseIn(ECHO, HIGH, 5000);
float d = t * v / 2;
```

`5000` ही मर्यादा घातली नाही, तर प्रतिध्वनी न आल्यास `pulseIn` एक सेकंदापर्यंत अडून बसू शकते आणि आधीचा स्वर तसाच लांबत राहतो. मर्यादा संपली की `t` शून्य येतो, तेव्हा `noTone()` द्यावे. तापमापक यंत्राच्या खोक्याच्या आत बसवू नये. उन्हात ठेवलेल्या खोक्याचे तापमान हवेहून बरेच जास्त असते आणि मग दुरुस्तीच चुकते. तापमापक नसेल तर ३० सेंमी.वर सपाट फळी धरून, वाचन ३० येईपर्यंत `v` बदलावा. कूलरच्या खोलीत असे जुळवलेले यंत्र अंगणात नेले की फळी पुन्हा धरावी लागते.

प्रकाशाचा प्रवासवेळ मोजणाऱ्या लेझर संवेदकांना हवेच्या तापमानाची ही अडचण नाही. भर उन्हात मात्र त्यांचा पल्ला घटतो, म्हणून खानदेशी उन्हाळ्यात त्यांचा उपयोग सावलीपुरता.