मांजराचे तापमान, नाडी व श्वसनगती : घरगुती मोजणी
मांजराच्या प्रकृतीचा अंदाज घेण्यासाठी घरी तीन मोजमापे घेता येतात. त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो, कारण मांजराला धरताच त्याची नाडी व श्वास दोन्ही वाढतात. म्हणून प्रथम श्वास, मग नाडी आणि शेवटी तापमान मोजावे.

श्वसनगती मांजर गाढ झोपलेले असताना, त्याला हात न लावता मोजतात. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास धरावा. तीस सेकंदांतील श्वास मोजून त्यांची दुप्पट करावी. निरोगी मांजर झोपेत मिनिटाला साधारणतः १५ ते ३० श्वास घेते. मांजर घुरघुरत असल्यास किंवा स्वप्नात पाय हलवीत असल्यास मोजणी भरवशाची नसते. समजा, एरवी तीस सेकंदांत ११ म्हणजे मिनिटाला २२ श्वास घेणारे मांजर एके दिवशी तेवढ्याच वेळात १९, म्हणजे मिनिटाला ३८ श्वास घेताना दिसले, तर थोड्या वेळाने, ते पुन्हा गाढ झोपेत असताना, मोजणी करावी. आकडा तिशीच्या वरच राहिला तर त्याच दिवशी पशुवैद्याला कळवावे. हृदयविकारात फुप्फुसांत किंवा त्यांच्याभोवती पाणी साठू लागल्याची ही पहिली खूण असू शकते, आणि तेव्हा मांजर वरकरणी अगदी ठीक दिसते. तोंड उघडे ठेवून धापा टाकणे मात्र मांजरात सहसा स्वाभाविक नसते. तसे दिसल्यास मोजत न बसता दवाखाना गाठावा.

नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूस, जांघेजवळ बोटांच्या टोकांनी हलकेच दाबून लागते. जोराने दाबल्यास ती हरवते. तिथे न सापडल्यास डाव्या कोपराच्या मागे छातीवर हात ठेवून हृदयाचे ठोके मोजता येतात. पंधरा सेकंदांतील ठोक्यांची चौपट करतात. शांत मांजरात ही संख्या बहुधा १२० ते १८०, तर घाबरलेल्या मांजरात २०० च्या पुढेही जाते. मागचे पाय अचानक लुळे व थंड पडून तिथली नाडी लागेनाशी झाली, तर रक्ताची गुठळी अडकल्याची दाट शंका येते. ही आणीबाणी आहे.

तापमानासाठी लवचीक टोकाचा डिजिटल थर्मामीटर वापरावा. काचेचा फुटू शकतो. एकाने मांजराला टॉवेलमध्ये सैलसर धरावे, दुसऱ्याने शेपूट उचलून, थर्मामीटरच्या टोकाला पेट्रोलियम जेली लावून ते गुदद्वारात साधारण २ सेंमी. सरकवावे आणि आवाज होईपर्यंत धरून ठेवावे. अडथळा जाणवल्यास जोर लावू नये. मांजर फारच झटापट करू लागल्यास मोजणी सोडून द्यावी, कारण ताणामुळे तापमान वाढते व आकडाही फसवा येतो. सामान्य तापमान ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सियस असते, म्हणजे माणसात ज्याला ताप म्हणतात तो मांजराचा नेहमीचा आकडा होय. ४० च्या वर किंवा ३७.५ च्या खाली तापमान गेल्यास पशुवैद्याची मदत त्वरित घ्यावी. माणसांचे पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. अल्प मात्राही जीवघेणी ठरते.