थायरॉइडची गोळी तीच, कंपनी दुसरी: मग रक्त पुन्हा का तपासायचं?

अमळनेरच्या पन्नाशीतल्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. थायरॉइड कमी पडतं म्हणून लिव्होथायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी त्या रोज पहाटे उपाशीपोटी घेतात. औषध कमी पडलं की वाढणारा आणि जास्त झालं की उतरणारा रक्तातला आकडा म्हणजे टीएसएच, आणि तो त्यांचा २.४ वर स्थिर आहे. पित्तासाठी पॅन्टोप्राझोलही बरीच वर्षं चालू आहे. एकदा नेहमीची कंपनी संपलेली असते, तेव्हा मेडिकलवाला दुसरी बाटली पुढे करतो आणि सांगतो, "तीच गोई शे काकू, कंपनी फक्त दुसरी शे." दोन महिन्यांनी पाय जड वाटू लागतात, पोट साफ होत नाही, टीएसएच ७.८ येतो. गोळी एकही चुकलेली नसते.

मेडिकलवाल्याचं बोलणं खोटं नाही. औषध तेच आहे, मात्राही तीच. पण गोळीतलं औषध रक्तात जायला आधी गोळी जठरात फुटून विरघळावी लागते, आणि लिव्होथायरॉक्सिनला त्यासाठी जठरातलं आम्ल लागतं. पुढे लहान आतड्यात ते शोषलं जातं, तेही निरोगी पोटात साधारण ६० ते ८० टक्केच. प्रत्येक कंपनी गोळी बांधायला वेगळी पूड वापरते, त्यामुळे गोळी फुटण्याचा वेग बदलतो. दोन कंपन्यांची औषधं सारखी आहेत की नाहीत हे ठरवणाऱ्या चाचण्या साधारणपणे निरोगी माणसांवर, उपाशीपोटी होतात. काकूंचं पोट तसं नाही. पॅन्टोप्राझोलने त्यांचं आम्ल कमी केलेलं आहे, म्हणून निरोगी पोटात न जाणवणारा फरक त्यांच्या पोटात मोठा होऊ शकतो. माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच.

शिवाय टीएसएच फार हळवा असतो. रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतून मिळणारं थायरॉइडचं हार्मोन, थोडंसं घटलं तरी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच कितीतरी पटींनी वाढवते. दुसरं कारणही तपासायला हवं. काकूंनी याच काळात कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सुरू केली असेल, तर तीसुद्धा थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवते. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं लागतं.

सॉफ्टजेल आणि द्रवरूप औषध निघालं ते आम्लाच्या याच अडचणीतून. सॉफ्टजेलच्या मऊ जिलेटिनी आवरणात औषध आधीच ग्लिसरीनमध्ये विरघळलेलं असतं. द्रवरूपात तर विरघळण्याची पायरीच उरत नाही. म्हणून ज्यांचं आम्ल कमी आहे, त्यांना हे प्रकार उपयोगी पडतात. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात गोळीच असते, आणि पोट ठीक असेल तर गोळी उत्तम काम करते. पण काकूंना १०० मायक्रोग्रॅमचीच सॉफ्टजेल दिली, तर आता जास्त औषध रक्तात जाऊन टीएसएच ०.२ पर्यंत उतरू शकतो. मग छातीत धडधड, झोप न लागणं, उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि हाडं ठिसूळ होणं, हा उलटा धोका. बदल चांगल्यासाठी केला तरी तपासणी लागते ती यामुळे.

ती तपासणी कधी? थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे कंपनी बदलल्यावर पहिल्या आठवड्यात होणाऱ्या एकूण फरकाचा अर्धाच भाग रक्तात उतरतो, दुसऱ्या आठवड्याअखेर पाऊण, आणि पाचव्या आठवड्याअखेर जवळपास सगळा. टीएसएच त्याच्याही मागून सरकतो. पंधरा दिवसांत रक्त दिलं तर आकडा अर्धवट येईल आणि त्यावरून डोस बदलला तर गोंधळ वाढेल. म्हणून सहा ते आठ आठवडे थांबायचं. गर्भवतींनी मात्र इतकं थांबू नये, त्यांनी कंपनी बदलताच डॉक्टरांना कळवावं. हृदयविकार असलेल्यांनीही तसंच करावं.

२०१७ मध्ये फ्रान्समध्ये एका कंपनीने आपल्याच गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक अॅसिड घातलं. औषधाची मात्रा तीच होती, तरी हजारो रुग्णांनी त्रासाच्या तक्रारी केल्या. म्हणजे कंपनी न बदलताही हा प्रश्न उभा राहू शकतो.

खानदेशात आणखी एक गोष्ट बघावी लागते. बाटलीवर बहुधा २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. हे औषध उष्णता, ओल आणि उजेडाने हळूहळू निकामी होतं. गोळ्या चुलीजवळच्या फळीवर किंवा उभ्या गाडीत राहिल्या असतील, तर नव्या कंपनीला दोष देण्याआधी तेही डॉक्टरांना सांगा.

तपासणीच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, कारण गोळीनंतरचे काही तास रक्तातलं टी-४, म्हणजेच थायरॉक्सिन, तात्पुरतं चढलेलं असतं. आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव, गोळीची मात्रा आणि ती कंपनी कधी सुरू केली ती तारीख पेनाने लिहून ठेवायची.