भाव चुकला, घेणाऱ्याने लगेच 'मान्य' म्हटलं, तर?

"व्यापाऱ्याने चुकून कमी भाव लिहून पाठवला आणि आपण लगेच 'मान्य' कळवलं, की त्याला त्याच भावात माल द्यावाच लागतो."

हे अर्धंच खरं आहे, म्हणून तर इतकं पटतं. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 22 सांगतं की केवळ एका पक्षाची चूक झाली म्हणून करार मोडता येत नाही. हिशेब चुकून 185 ऐवजी 180 लिहिले आणि घेणाऱ्याला ते कळायचं कारण नसेल, तर व्यापारी बांधला जातो.

पण समजा, सोलापुरी टॉवेलची सगळी बोलणी नगावर, 180 च्या आसपास झाली. शेवटच्या मेसेजमध्ये मात्र '180 रुपये किलो' असं गेलं. टॉवेल 400 ग्रॅमचा, म्हणजे किलोत अडीच नग, नगाला 72 रुपये. चूक घेणाऱ्याला दिसतेच. कलम 13 नुसार संमती म्हणजे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणं. इथे ते झालेलंच नाही. लंडनमध्ये 1939 साली सशाच्या कातड्यांच्या सौद्यात नगाऐवजी पौंडावर भाव गेला होता, पौंडात साधारण तीन कातडी. घेणाऱ्याला चूक कळलीच असणार, असं म्हणून कोर्टाने त्याचा दावा फेटाळला.

आपल्या सौद्यात आधीचे मेसेज काढून भाव कशावर ठरत होता ते बघा, मग त्या दिवशीचा बाजारभाव. फरक थोडा असेल, तर व्यापाऱ्याची बाजू लंगडी. चूक दिसताच त्याने लेखी कळवलं का, हेही पाहा. माल पाठवल्यावर तक्रार टिकवणं फार अवघड जातं.