दोन मोबाईलवर टिपलेली मैफल: आधी आवाज जुळवायचा की चित्र?

इंदुरात रामबागेच्या बाजूला गणेशोत्सवातली किंवा कोजागिरीची मैफल आता बहुतेक वेळा दोन मोबाईलवर टिपली जाते. एक मोबाईल मंचापाशी, गायक आणि तबलजी यांच्यावर रोखलेला. दुसरा शेवटच्या रांगेमागे, स्टँडवर, सगळा मंच दिसेल असा. रेकॉर्डिंग कोणीही करू शकतो. वाद होतो तो संपादनाच्या वेळी, दोन्ही चित्रफिती एकमेकींवर कशाच्या आधाराने बसवायच्या यावर.

हा प्रश्न सिनेमाला आवाज मिळाला तेव्हापासूनचा आहे. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रण यंत्र वेगळी असायची, म्हणून शॉटच्या सुरुवातीला पाटी वाजवायचे. पाटी मिटल्याची फ्रेम आणि तिचा खटका एकत्र आणले की काम झाले. पुढे क्वार्ट्‌झ स्फटिकावर चालणाऱ्या मोटरी आल्या, मग टाइमकोड आला, पण ही महागडी सोय मोठ्या युनिटपुरतीच राहिली. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी टेपच्या काळात दोन हँडिकॅमचे चित्र डोळ्याने आणि कानानेच जुळवले.

खरा बदल २०१०च्या आसपास झाला. दोन फितींमधल्या आवाजाच्या लहरी ताडून त्या आपोआप जुळवणारी सॉफ्टवेअर आली. २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्समध्ये आणि २०१३ मध्ये प्रीमिअर प्रोमध्ये ही सोय आत बसवूनच मिळाली. आता मोफत मिळणारी सॉफ्टवेअरही ते करतात. म्हणून मंडळातली तरुण मुले टाळी वाजवायलाच तयार नसतात. जुने व्हिडिओवाले मात्र टाळीच्या फ्रेमवरच चित्र जुळवा म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचे कारण सभागृहाच्या लांबीत आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. पुढचा मोबाईल मंचापासून २ मीटरवर आणि मागचा २२ मीटरवर असेल, तर तबल्याची थाप मागच्या मोबाईलला सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. थाप पडताना दिसते मात्र दोघांना एकाच क्षणी. सॉफ्टवेअर आवाजावर आवाज बसवते, म्हणजे मागची फीत तेवढी आधी सरकवते. २५ फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, तेव्हा मागचे चित्र जवळजवळ दीड फ्रेम पुढे धावते. एरवी हे डोळ्याला खुपत नाही, कारण आवाज चित्राच्या किंचित मागून आला तर आपण सहज खपवून घेतो. पण द्रुत लयीत समेवर मागच्या चित्रावरून पुढच्यावर कट मारा: खाली आलेला हात पुन्हा वर उचललेला दिसतो.

टाळीच्या फ्रेमवर जुळवले तर हा दोष राहत नाही. अडचण अशी की २२ मीटरवरून, मंद दिव्यांत, टाळी मिटली कोणत्या फ्रेमला हे नेमके सांगता येत नाही. शिवाय दोन कॅमेऱ्यांच्या फ्रेम एकाच क्षणी उघडत नाहीत. त्यामुळे आधी आवाजाने जुळवून मग मागची फीत एक-दोन फ्रेम उशिरा सरकवणे, हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. किती सरकवायचे ते तबल्याच्या एका स्पष्ट थापेवर, फ्रेमगणिक पाहून ठरवावे. नुसत्या अंतराच्या हिशोबावर विसंबू नये, कारण मागचा मोबाईल पुष्कळदा मंचाऐवजी सभागृहाच्या मध्यावर टांगलेल्या स्पीकरचा आवाज ऐकत असतो. अंतिम आवाज मंचाजवळचा ठेवून मागचा बंद करावा. दोन्ही चालू राहिले तर गाणे घुमते.

सुरुवात जुळली म्हणजे शेवट जुळेलच असे नाही. प्रत्येक मोबाईलचे घड्याळ किंचित वेगळे चालते. दर दहा लाखांत ३० एवढा फरक असला, तरी तासाभरात १०८ मिलिसेकंद होतात, म्हणजे जवळपास पावणेतीन फ्रेम. हे ओळखायला भैरवीच्या वेळी दोन्ही आवाज क्षणभर चालू करून ऐकावे. घुमणे सुरुवातीपेक्षा वाढले असेल, तर दोन बंदिशींमधल्या टाळ्यांच्या जागी मागची फीत कापून पुन्हा जुळवावी.

फ्रेमचा वेग वेगळी गडबड करतो. दिवे मंदावले की कित्येक मोबाईल ३० वरून आपोआप २४ फ्रेमवर येतात. मग काही सॉफ्टवेअरमध्ये चित्र स्वतःच्याच आवाजापासून सुटते, आणि दोष मात्र जुळवणीवर ढकलला जातो. दोन्ही मोबाईलवर वेग आधीच पक्का करावा, जमल्यास २५. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने शटर १/५० ठेवले की ट्यूबलाइटचे पट्टेही चित्रात येत नाहीत.