जाहीर नोटीस आणि घटस्फोट

“नवरा किंवा बायको बेपत्ता असेल, तर पेपरात नोटीस छापली की घटस्फोट होतो,” हा समज चुकीचा आहे.

छापील नोटीस हे केवळ समन्स बजावण्याचे साधन आहे, आणि तेही न्यायालयाने परवानगी दिल्यावरच. त्यासाठी आधी शोधाचे प्रतिज्ञापत्र लागते. शेवटच्या पत्त्यावरून ‘येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आलेला लखोटा, नातेवाइकांकडे केलेली चौकशी, हे सारे त्याला जोडावे. मुदतीत कोणी हजर न झाल्यास सुनावणी एकतर्फी चालते, मात्र कायद्याला अपेक्षित कारण तेव्हाही दाखवावेच लागते. बेपत्ता जोडीदाराचा नवा पत्ता त्याच्या भावाकडे आहे हे ठाऊक असून तो लपवला, तर मिळालेला घटस्फोटाचा हुकूमनामा पुढे रद्द होऊ शकतो. म्हणून कोणी कात्रण दाखवल्यास प्रकाशनाचा आदेश आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागावी.