हिल सायफर: अक्षरांचे गट, मॅट्रिक्स आणि २६ ची बाकी

माहिती सुरक्षा किंवा क्रिप्टोग्राफीच्या पेपरात हिल सायफरचं गणित बऱ्याचदा येतं. दोन बाय दोनची किल्ली दिलेली असते, एखादा शब्द दिलेला असतो आणि त्याचं एन्क्रिप्शन करून पुन्हा डिक्रिप्शन करून दाखवायचं असतं. बहुतेक विद्यार्थी हे गणित पायऱ्या पाठ करून सोडवतात. पण ही पद्धत नेमकी कोणती अडचण सोडवण्यासाठी निघाली हे कळलं, तर प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप लक्षात येतं आणि पाठांतराची गरज उरत नाही.

अडचण जुनी होती. एका अक्षराऐवजी ठरावीक दुसरं अक्षर लिहायचं, ही सगळ्यात सोपी गुप्तलिपी. तिचा कच्चा दुवा नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने दाखवून दिला होता. भाषेत काही अक्षरं जास्त वेळा येतात, काही कमी. इंग्रजीत E सगळ्यात जास्त येतं. त्याच्या जागी Q लिहिलं, तर सांकेतिक मजकुरात Q सगळ्यात जास्त दिसणार. मोजदाद केली की गुपित उघडं पडतं.

यावर उपाय म्हणजे अक्षरं एकेकटी न बदलता गटाने बदलायची. १८५४ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टनने जोड्यांवर चालणारी एक पद्धत काढली. तिचा पुरस्कार लॉर्ड प्लेफेअर यांनी केला आणि नावही त्यांचंच पडलं. पाच बाय पाचच्या चौकटीतून अक्षरांच्या जोड्या बदलायच्या, हे रणांगणावर कागद-पेन्सिलीने जमण्यासारखं होतं. पण जोडीच्या पुढे कसं जायचं? तीन-तीन अक्षरांचे गट बदलायचे तर २६ × २६ × २६, म्हणजे १७,५७६ गट होतात. एवढा मोठा तक्ता तयार करायचा, दोन्ही बाजूंनी जवळ बाळगायचा आणि शत्रूच्या हाती पडू द्यायचा नाही, हे व्यवहारात शक्य नव्हतं. चार अक्षरांचा तर विचारच नको.

इथे न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधले गणिताचे प्राध्यापक लेस्टर हिल आले. १९२९ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. त्यांचं म्हणणं असं की तक्ता हवाच कशाला, त्याऐवजी समीकरणं वापरा. अक्षरांना ० ते २५ असे आकडे द्या आणि गटातल्या आकड्यांवर एकसामयिक रेषीय समीकरणं चालवा. उत्तर २५ च्या पुढे गेलं तर २६ ने भागून फक्त बाकी ठेवा. मग गट चारचा असो वा सहाचा, लक्षात ठेवायचे असतात ते फक्त समीकरणांचे सहगुणक. तेच मॅट्रिक्समध्ये मांडले की झाली किल्ली. एक गोष्ट परीक्षेच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही: हिल यांनी A = ०, B = १ असा सरळ क्रम घेतला नव्हता, आकडे विस्कटून दिले होते. परीक्षेत मात्र सरळ क्रमच घ्यायचा असतो.

आता गणित करून पाहू. किल्ली अशी घेऊ:

```
K = | ९  ४ |
    | ५  ७ |
```

शब्द घेऊ PUNE. आकड्यांत P = १५, U = २०, N = १३, E = ४. किल्ली दोन बाय दोनची, म्हणून दोन-दोन अक्षरांचे गट: PU आणि NE. अक्षरं विषम संख्येत असती तर शेवटी X जोडून जोडी पूर्ण केली असती.

पण एन्क्रिप्शनला हात घालण्याआधी किल्ली चालते का ते बघायचं. निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, येतो ९ × ७ − ४ × ५ = ४३ आणि २६ ने भागून बाकी १७. १७ आणि २६ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही, म्हणजे किल्ली चालेल. निश्चयकाची बाकी सम आली, किंवा ० वा १३ आली, तर त्या किल्लीने मजकूर बंद होतो पण खात्रीने उघडत नाही, कारण दोन वेगवेगळे गट एकाच सांकेतिक गटावर जाऊन बसतात. दोन बाय दोनच्या एकूण ४,५६,९७६ मॅट्रिक्सपैकी फक्त १,५७,२४८ किल्ली म्हणून चालतात, साधारण तीनातली एक. म्हणून ही तपासणी उत्तरपत्रिकेत सगळ्यात आधी दिसली पाहिजे.

गट उभ्या स्तंभात मांडून किल्लीने डावीकडून गुणायचं:

```
PU:  ९×१५ + ४×२० = २१५,  बाकी  ७ → H
     ५×१५ + ७×२० = २१५,  बाकी  ७ → H

NE:  ९×१३ + ४×४  = १३३,  बाकी  ३ → D
     ५×१३ + ७×४  =  ९३,  बाकी १५ → P
```

PUNE चं झालं HHDP. इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. P आणि U ही दोन वेगळी अक्षरं, पण दोघांच्या जागी H आला. मूळ शब्दातला P हरवला आणि सांकेतिक शब्दात जो P दिसतो तो NE मधून आला आहे. एका अक्षराच्या मोजणीवर उभा असलेला अल-किंदीचा हल्ला इथे लटका पडतो, कारण प्रत्येक सांकेतिक अक्षर गटातल्या सगळ्या अक्षरांवर अवलंबून असतं.

डिक्रिप्शनसाठी व्यस्त मॅट्रिक्स लागते आणि गुण जातात ते इथेच. नेहमीच्या गणितात आपण निश्चयकाने भागतो. इथे भागाकार नाही. १७ ला अशा संख्येने गुणायचं की २६ ने भागल्यावर बाकी १ उरेल. १७ × २३ = ३९१ आणि ३९१ = १५ × २६ + १, म्हणून १७ चा गुणाकार व्यस्त २३. अशी संख्या शोधण्याची पद्धत आपल्याकडे आर्यभटापासून कुट्टक नावाने चालत आली आहे. ज्यांनी भास्कराचार्यांचं गणित वाचलंय त्यांना ही पायरी ओळखीची वाटेल. परीक्षेत विस्तारित युक्लिडची रीत लिहितात, गाभा तोच.

मग मुख्य कर्णावरचे ९ आणि ७ अदलाबदल करायचे, उरलेल्या दोघांची चिन्हं बदलायची आणि सगळ्याला २३ ने गुणून बाकी घ्यायची:

```
२३ × |  ७  −४ |  =  |  १६१   −९२ |  →  |  ५  १२ |
     | −५   ९ |     | −११५   २०७ |     | १५  २५ |
```

ऋण आकड्यांची बाकी काढताना गडबड होते. −९२ ची बाकी १४ नव्हे. त्यात २६ ची पट मिळवत जायचं, −९२ + १०४ = १२. पुढे जाण्याआधी किल्ली आणि तिची व्यस्त गुणून एकक मॅट्रिक्स येते का तेही पाहून घ्यावं. पहिल्या ओळीतून ९ × ५ + ४ × १५ = १०५, बाकी १, आणि ९ × १२ + ४ × २५ = २०८, बाकी ०. दुसरी ओळही अशीच तपासायची. एका मिनिटाचं काम, पण चूक असेल तर इथेच पकडली जाते.

```
HH:  ५×७  + १२×७  = ११९,  बाकी १५ → P
     १५×७ + २५×७  = २८०,  बाकी २० → U

DP:  ५×३  + १२×१५ = १९५,  बाकी १३ → N
     १५×३ + २५×१५ = ४२०,  बाकी  ४ → E
```

शब्द परत मिळाला. पुस्तकापुस्तकांत एक फरक असतो. काही लेखक गट आडव्या ओळीत लिहून किल्लीने उजवीकडून गुणतात. तसं केलं तर आपल्या PU चं HH न होता BS होतं. दोन्ही रीती बरोबर आहेत, फक्त एन्क्रिप्शन एका रीतीने आणि डिक्रिप्शन दुसऱ्या रीतीने केलं की सगळं फिसकटतं. आपण कोणती रीत घेतली ते उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहून टाकावं.

हिल लेखावर थांबले नाहीत. १९३१ मध्ये त्यांनी याच विषयावर दुसरा लेख लिहिला आणि १९३२ मध्ये लुई वाइझनर यांच्यासोबत एका यंत्राचं अमेरिकन पेटंटही मिळवलं. दातेरी चाकं आणि साखळ्या वापरून ते यंत्र सहा बाय सहाच्या मॅट्रिक्सने २६ च्या बाकीचा गुणाकार करायचं. हे हाताने करायचं म्हटलं तर प्रत्येक गटामागे छत्तीस गुणाकार. पण चाकांची रचना यंत्रातच पक्की होती, म्हणजे किल्ली बदलता येत नव्हती. त्यामुळे यंत्रात घालण्याआधी आणि बाहेर काढल्यावर अक्षरं आणखी एका गुप्त पद्धतीने बदलावीत, अशी शिफारस होती. ही दोन जास्तीची पावलं रेषीय नसणं महत्त्वाचं होतं आणि त्याचं कारण हिल पद्धतीच्या दुखण्यात आहे.

सगळी रचना रेषीय समीकरणांची असल्यामुळे ती उलटीही सोडवता येते. समजा शत्रूला कळलं की PU चं HH होतं आणि त्याच किल्लीने IT चं SR होतं. मूळचे दोन गट शेजारी-शेजारी मांडले की एक मॅट्रिक्स तयार होते. तिचा निश्चयक १५ × १९ − ८ × २० = १२५, बाकी २१, आणि २१ चा गुणाकार व्यस्त ५. म्हणजे ही मॅट्रिक्स उलटवता येते. सांकेतिक गटांच्या मॅट्रिक्सला तिच्या व्यस्ताने गुणलं की ९, ४, ५, ७ अशी किल्ली जशीच्या तशी समोर येते. चार अक्षरांचा मजकूर माहीत असणं पुरलं. IT ऐवजी शत्रूच्या हाती NE आणि DP लागले असते, तर मात्र निश्चयकाची बाकी ८ येऊन तो अडला असता आणि त्याला आणखी एखाद्या जोडीची वाट पाहावी लागली असती. पत्राची सुरुवात, तारीख, सही असा ठरावीक मजकूर प्रत्येक संदेशात असतोच, त्यामुळे ही वाट फार लांबत नाही.

गट मोठा केला तरी हे दुखणं जात नाही, फक्त जास्त जोड्या लागतात. १९४९ मध्ये क्लॉड शॅनन यांनी चांगल्या गुप्तलिपीला दोन वेगळ्या गोष्टी लागतात हे मांडलं. एक म्हणजे प्रत्येक अक्षराचा परिणाम मजकुरभर पसरवणं आणि दुसरी म्हणजे किल्ली आणि मजकूर यांचं नातं गुंतागुंतीचं करणं. हिल यांच्या मॅट्रिक्सने पहिलं काम उत्तम केलं, दुसरं तिच्याच्याने होणारं नव्हतं.

पुढे बँकेच्या ॲपपासून वायफायपर्यंत वापरली जाणारी एईएस पद्धत २००१ मध्ये अमेरिकेत मानक म्हणून जाहीर झाली, तेव्हा तिच्या आत हीच कल्पना होती. तिच्या मिक्सकॉलम्स पायरीत चार-चार बाइटचे स्तंभ चार बाय चारच्या मॅट्रिक्सने गुणले जातात. फक्त २६ च्या बाकीऐवजी २५६ घटकांच्या सांत क्षेत्रातलं अंकगणित चालतं, त्यात ० सोडून प्रत्येक घटकाला गुणाकार व्यस्त असतो. मॅट्रिक्स सगळ्यांना माहीत असते, गुप्त नसते. गुंतागुंतीचं काम एस-बॉक्स नावाची रेषीय नसलेली वेगळी पायरी करते. या मॅट्रिक्समध्ये १, २ आणि ३ एवढेच आकडे असतात, तर तिच्या व्यस्तात ९, ११, १३ आणि १४ येतात. म्हणून साध्या प्रोसेसरवर एईएसचं डिक्रिप्शन एन्क्रिप्शनपेक्षा थोडं जड जातं.