फिरत्या चकतीचा टीव्ही आणि 1936 ची लंडनची टक्कर

टीव्हीची सुरुवात फिरत्या चकतीने झाली: कडेजवळ सर्पिल ओळीत भोकं, चकती फिरली की प्रत्येक भोक चित्राची एक रेषा काढणार. 1884 चं बर्लिनमधलं या चकतीचं पेटंट, आणि मग चाळीसेक वर्षं काहीच न घडणं (उजेडाचा करंट करणाऱ्या फोटोसेलमधून निघणारा करंट इतका तुटपुंजा की व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आल्याशिवाय त्याचा उपयोगच नव्हता), इतकी पार्श्वभूमी पुरे. त्यामुळे थेट लंडनला, 1929 च्या सप्टेंबरला येऊ, कारण घरात बसून बघायचा टीव्ही तिथे तेव्हा प्रायोगिक का होईना सुरू झाला.

सिस्टीम होती 30 उभ्या रेषांची, सेकंदाला साडेबारा चित्रं, म्हणजे चकती मिनिटाला 750 फेरे मारणार. इतकं कमी का, तर सिग्नल रेडिओच्या मीडियम वेव्हवरून जायचा आणि तिथे जागाच तेवढी होती. सुरुवातीला चित्र आणि आवाजाला मिळून ट्रान्समीटर एकच, म्हणून आधी माणूस दिसायचा आणि मग त्याचा आवाज यायचा, 1930 च्या मार्चपासून दोन्ही एकत्र झालं. घरच्या सेटमध्ये चकतीच्या मागे निऑनचा दिवा, त्यामुळे चित्र नारिंगी. मोटरचा वेग जरा हलला की चित्र सरकत जायचं, मग नॉब हळूहळू फिरवून ते पकडून ठेवायचं.

आता खरी अडचण बघा, ती साध्या गणितात आहे. भोकं चकतीच्या कडेला ओळीने, आणि एका वेळी चौकटीत एकच भोक असायला हवं, म्हणजे दोन भोकांमधलं अंतर हीच चित्राची उंची. 20 इंची चकतीचा घेर कडेपासून थोडं आत धरला तर साधारण 60 इंच, भागिले 30 भोकं, म्हणजे चित्र 2 इंच उंच आणि रुंदीला इंचभरसुद्धा नाही. त्याच्यापुढे भिंग लावून बघायचं. याच चकतीवर 240 रेषा हव्या असतील तर चित्र पाव इंच! उलट 2 इंचच ठेवायचं म्हटलं तर चकती पावणेतेरा फूट व्यासाची लागते, आणि सेकंदाला 25 फेरे मारले तर तिची कड ताशी अकराशे किलोमीटरच्या आसपास, आवाजाच्या वेगाला टेकायला आली. वर उजेडाचा प्रश्न. दिवा सगळ्या चौकटीमागे जळतो पण दिसतं एका भोकातून, म्हणजे 30 रेषांच्या चित्रातसुद्धा दोन हजारावा हिस्सा डोळ्यापर्यंत येत नाही.

आणि तरीही 1935 च्या जानेवारीत सरकारी समितीने काय ठरवलं, तर किमान 240 रेषा, सेकंदाला 25 चित्रं, आणि दोन कंपन्यांच्या सिस्टीम एकाच ठिकाणी, आळीपाळीने चालवून बघायच्या. एक 240 रेषांची यांत्रिक, दुसरी 405 रेषांची पूर्ण इलेक्ट्रॉनिक. यावर अजून वाद होतात. न्याय्य होतं असं काही म्हणतात, पण माझ्या मते निकाल कागदावरच लागला होता, फक्त तो तोंडाने सांगायचं धाडस कुणी करत नव्हतं. कारण घरच्या सेटमधून चकती तोवर गेलीच होती, दोन्ही सिस्टीमचं चित्र काचेच्या पिक्चर ट्यूबवरच दिसणार होतं, लोकांना मात्र दोन्ही पकडणारे महागडे सेट घ्यावे लागले.

2 नोव्हेंबर 1936 ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरुवात झाली. यांत्रिक बाजूने चकतीची मर्यादा हुशारीने टाळली होती, हे मान्यच करायला हवं: 240 भोकं एकाच ओळीत न ठेवता 60-60 भोकांचे चार सर्पिल, चकती मिनिटाला 6000 फेऱ्यांवर, आणि हवेचा अडथळा नको म्हणून निर्वात पेटीत. पण त्यासमोर बसणारा अंधाऱ्या खोलीत, त्याच्या तोंडावर नुसता पळणारा उजेडाचा ठिपका, म्हणजे बातम्या सांगणारा एखादा माणूस यापलीकडे काही दाखवता येईना. मोठ्या स्टुडिओसाठी मग आणखी एक खटाटोप: आधी सिनेमाच्या फिल्मवर शूट करायचं, ती फिल्म तिथल्या तिथे डेव्हलप करायची, धुवायची, आणि ओली असतानाच स्कॅन करायची. लाइव्ह कार्यक्रम मिनिटभर उशिरा. केमिकलच्या टाक्या कॅमेऱ्याला जोडलेल्या, त्यामुळे कॅमेरा जमिनीला पक्का खिळलेला. इलेक्ट्रॉनिक बाजूची मंडळी मात्र कॅमेरा ढकलत बाहेर बागेत घेऊन जात होती. (मधेच नोव्हेंबरअखेर लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेस या प्रचंड काचेच्या इमारतीला मोठी आग लागली, त्यात यांत्रिकवाल्या कंपनीची तिथली बरीच सामग्री जळाली, पण निकाल त्याने बदलला असं मला वाटत नाही.)

तीनच महिन्यांत, 1937 च्या फेब्रुवारीत, यांत्रिक बाजू बंद. जिंकलेल्या 405 रेषा मात्र ब्रिटनमध्ये 1985 पर्यंत चालू राहिल्या, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

चकती तिथे संपली असंही नाही. 1951 मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचं पहिलं व्यावसायिक प्रसारण झालं ते लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरच्या फिरत्या चकतीवर, ते काही महिन्यांत गुंडाळलं. 1969 ला अपोलो 10 मधून रंगीत चित्रं आली त्या कॅमेऱ्यातही असंच फिरतं फिल्टरचं चाक होतं. चित्राच्या रेषा ट्यूब काढायची, चाकाकडे फक्त रंगाचं काम.